व्हँकोमायसिनचा रिपोर्ट २९.४ आलाय, डोस खरंच निम्मा करायचा का?

रानवाट
यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी ट्रस्टच्या छोट्या हॉस्पिटलात मी मेडिकल ऑफिसर आहे. काल एक पेशंट आलाय. शहरातल्या खासगी हॉस्पिटलचा खर्च झेपेना म्हणून नातेवाईक त्याला गावाजवळ घेऊन आले.

वय ३८, वजन ५२ किलो, शेतमजूर. पऱ्हाटी उपटताना पायात खुंट घुसला, आठवडाभर घरगुती उपाय चालले, मग पाय सुजला, थंडी वाजून ताप आणि पाठोपाठ कंबर धरली. तिथे पायातला पू काढला आणि रक्ताचे दोन कल्चर लावले. दोन्हीत एमआरएसए. व्हँकोमायसिनची एमआयसी १. एक ग्रॅम दर १२ तासांनी चालू आहे, सकाळी १० आणि रात्री १०, दीड तासाची ड्रिप. क्रिएटिनिन ०.९. ताप उतरतोय, कंबर तशीच.

डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय : "व्हँकोमायसिन ट्रफ २९.४, जास्त. डोस ५०० मिग्रॅ दर १२ तासांनी करावा." आज रात्रीचा डोस द्यायचाय. क्रिएटिनिन नॉर्मल असताना ट्रफ इतका कसा, हे मला पटत नाही. पण छापील आकडा समोर असताना पूर्ण डोस द्यायचीही भीती वाटते. लेव्हल नेहमी बघणाऱ्यांनी कृपया सांगा.

बुलडाणेकर
ट्रफ १५ ते २० मध्ये हवा. गंभीर इन्फेक्शनमध्ये १५ च्या खाली नको आणि २० च्या वर किडनीला धोका. ३० म्हणजे फारच वर गेलाय. कार्डावर लिहिलंय तेच बरोबर आहे, निम्मा करा आणि तीन दिवसांनी परत तपासा. तीस वर्षं एमडी मेडिसिनची प्रॅक्टिस केलीय, व्हँकोने बसलेल्या किडन्या पाहिल्यात. पेशंट गरीब आहे, डायलिसिसची वेळ आणू नका.

नाईटड्युटी
सर, मी आयसीयूत सिस्टर आहे. पहिला प्रश्न, रक्त किती वाजता काढलं? आणि कुठल्या हातातून? ट्रफ म्हणजे पुढच्या डोसच्या अर्धा तास आधी, म्हणजे सकाळी साडेनऊला काढायला हवं होतं. आमच्याकडे लॅबचा मुलगा दुपारी एकदाच येतो, आणि नव्या सिस्टर त्याच्या वेळेला सगळ्या बाटल्या भरून ठेवतात. मागणीच्या कागदावर "ट्रफ" लिहिलेलं असतं, म्हणून रिपोर्टवरही ट्रफच छापून येतं.

दुसरं म्हणजे ज्या सुईतून व्हँको जातंय तिच्यातूनच रक्त ओढलं, तर सुईत उरलेलं औषध नमुन्यात येतं आणि आकडा भलताच निघतो. आम्ही कायम दुसऱ्या हातातून नवीन टोचून घेतो.

रानवाट
सिस्टर, रिपोर्टवर वेळ १३:३४ आहे. सोबतच्या नर्सिंग चार्टच्या झेरॉक्सवर डोस सुरू १०:००, संपला ११:३० अशी नोंद आहे. म्हणजे ड्रिप संपल्यावर दोन तासांनी?

लॅबवाला_वर्धा
त्या १३:३४ वर आंधळा विश्वास ठेवू नका. बऱ्याच लॅबमध्ये रिपोर्टवर छापून येते ती बारकोड काढल्याची म्हणजे नोंदणीची वेळ. रक्त सकाळी नऊला काढलं असेल आणि नोंद दुपारी दीडला झाली असेल, असंही होतं. नळीवर पेनाने लिहिलेली वेळच खरी, आणि ती नळी आता मिळणार नाही. घरच्यांना विचारा, त्यांना लक्षात असतं.

रानवाट
विचारलं. बायको सोबतच होती. ती म्हणाली, "औषधाची बाटली संपली, नंतर सिस्टरनं दुसऱ्या हाताचं रक्त घेतलं, मग डबा आला." म्हणजे डोसनंतरचंच, दुसऱ्या हातातून, दुपारच्या जेवणाआधी.

वैनगंगा
मग प्रश्न निम्मा सुटला. नागपूरला फार्माकॉलॉजी शिकवतो आणि वॉर्डातल्या लेव्हलचे सल्ले देतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२९.४ हा ट्रफ नाहीच. दीड तासाची ड्रिप संपल्यावर दोन तासांनी या पेशंटमध्ये किती लेव्हल असायला हवी, ते आधी काढून पाहू. वय, वजन आणि क्रिएटिनिनवरून क्रिएटिनिन क्लिअरन्स निघतो मिनिटाला ८२ मिली. व्हँकोमायसिन जवळपास सगळं किडनीतूनच जातं. त्याचा क्लिअरन्स ढोबळपणे याच्या तीन चतुर्थांश धरला तर तासाला ३.७ लिटर. औषध शरीरात पसरतं ते किलोमागे साधारण ०.७ लिटर, म्हणजे याच्यासाठी ३६ लिटर. या आकड्यांवर ड्रिप संपताना लेव्हल ३६ च्या आसपास, दोन तासांनी २९ आणि पुढच्या डोसच्या आधी १२ ते १३ येते.

तुमचा २९.४ त्यात चपखल बसतो. औषध नेमकं जायला हवं तसंच जातंय. आज निम्मा केलात तर रक्तात एमआरएसए आणि कंबर दुखणाऱ्या माणसाला अर्ध्याच औषधावर ठेवल्यासारखं होईल. आज रात्री एक ग्रॅमच द्या.

तरी माझा अंदाज म्हणजे मोजमाप नव्हे. शक्य असेल तर उद्या दोन नमुने घ्या, एकाच डोसनंतरचे. ड्रिप ११:३० ला संपली की पहिला १:३० ला आणि दुसरा रात्री ९:३० ला. आधी घेऊ नका. ड्रिप संपल्यावर पहिला तासभर औषध रक्तातून ऊतींमध्ये पसरत असतं, तेव्हा आकडा फसवा असतो. दोन्ही नळ्यांवर घड्याळ पाहून वेळ लिहा. दीडच्या ऐवजी दोन वाजले तरी चालतं, फक्त खरी वेळ लिहा. गणित त्या वेळेवर होतं.

बुलडाणेकर
वेळेचा मुद्दा मान्य. पण तुमच्याच हिशेबाने ट्रफ १२-१३ निघतोय. गाईडलाइन १५ ते २० सांगते. मग डोस कमी पडतोय, वाढवा. आता दोन्हीकडून बोलायचं का?

वैनगंगा
१५ ते २० ही २००९ ची शिफारस होती, आपण सगळे तीच शिकलो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या त्याच संस्थांनी ती बदलली. जंतू मारण्याशी ज्याचा संबंध आहे ते म्हणजे २४ तासांत रक्तात एकूण किती औषध राहिलं, म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ, एयूसी. एमआयसी १ धरून ते ४०० ते ६०० मध्ये हवं. ट्रफ हा त्या एयूसीचा ढोबळ अंदाज म्हणून वापरला जायचा. पण डोस दर १२ तासांनी असेल, तर ट्रफ १५ च्या खाली असूनही एयूसी ४०० च्या वर असणारे पेशंट भरपूर असतात. त्यांना १५ च्या वर ढकलत राहिलं की एयूसी ६००-७०० च्या पुढे जातो आणि तुम्ही पाहिलेल्या किडन्या तिथेच बसतात.

म्हणून याच्यात ट्रफ १२-१३ दिसला तरी मी डोस वाढवणार नाही. दोन नमुन्यांतून एयूसी काय येतो ते बघू.

सुगरण७
माफ करा, मध्येच विचारते. माझ्या सासूबाईंना अँटिबायोटिकनंतर जुलाब लागले तेव्हा नागपूरला व्हँकोमायसिनच्या कॅप्सूल दिल्या होत्या, १२५ च्या, दिवसातून चार वेळा. त्यांची लेव्हल कोणी काढली नव्हती. मग या पेशंटलाही कॅप्सूल का देत नाही? सुई, ड्रिप, रात्रीची सिस्टर, सगळंच वाचेल.

वैनगंगा
ताई, कॅप्सूल पोटातच राहते, आतड्यातून रक्तात जवळपास जात नाही. सासूबाईंचे जंतू आतड्यातच होते म्हणून तिथे ती कामाला आली. याचे जंतू रक्तात आणि बहुधा मणक्यात आहेत, तिथे कॅप्सूलचं औषध पोचणार नाही. लेव्हल न काढण्याचं कारणही हेच, रक्तात मोजण्याइतकं येतच नाही.

पाटलाचा_पोर
मी डॉक्टर नाई जी, पर हे वाचून बापाची आठवण आली. आमच्या बाबाले मागच्या साली पायाच्या गँगरीनसाठी हेच औषध देलं होतं. बाटली चालू झाली अन दहा मिनिटांत तोंड, मान, छाती लालेलाल, खाज सुटली, बाबा घाबरले. डॉक्टर म्हणे अ‍ॅलर्जी हाय, औषध बंद. मंग दुसरं महाग औषध चालू केलं, जमीन गहाण टाकायची पाळी आली. हे औषध असं काहून करते? अन या पेशंटले बी झालं तर?

नाईटड्युटी
दादा, हे बहुतेक वेळा बाटली पटकन सोडल्याने होतं. एक ग्रॅम किमान एक तास तरी चालायला हवं, आम्ही दीड तास घेतो. एका ग्रॅमसाठी २५० मिली सलाईन घेतो, त्याहून घट्ट केलं की शीरही दुखते. लाली आली की आधी ड्रिप थांबवायची, बीपी बघायचं, अ‍ॅव्हिल द्यायचं. उतरलं की तीच बाटली निम्म्या वेगाने परत लावायची. बहुतेकांना मग काही होत नाही. घसा आवळला, घरघर लागली, बीपी पडलं, तर मात्र ती वेगळी गोष्ट, तेव्हा परत लावायची नाही. तुमच्या बाबांचं काय होतं ते कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. जुन्या फाइलवर "व्हँको अ‍ॅलर्जी" लिहिलंय का बघा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना ही सगळी हकीकत सांगा.

पाटलाचा_पोर
बाटली तर अर्ध्या तासातच संपवत होते जी, मले आठवते. फाइल पाहतो.

गडचिरोलीकर
आमच्या भागातला उलटा अनुभव. सिकलसेलचा १९ वर्षांचा मुलगा, ४१ किलो, मांडीच्या हाडात एमआरएसए. एक ग्रॅम दर १२ तासांनी देऊन ट्रफ ५. वेळ बरोबर, हात बरोबर. परत केला, परत ५. क्रिएटिनिन ०.४. आम्हाला वाटलं औषधच बोगस आहे.

वैनगंगा
औषध बोगस नसावं. सिकलसेलमध्ये तरुण वयात किडनी नेहमीपेक्षा जास्त वेगाने गाळते, औषध लवकर निघून जातं. तिथे एका डोसचा आकार वाढवण्यापेक्षा अंतर कमी करणं बरं : ७५० दर आठ तासांनी, किलोमागे १८ मिग्रॅ होतात. दोन दिवसांनी परत लेव्हल. पण याच मुलांना सिकलच्या वेदनेसाठी डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं मिळतात आणि तीच किडनी आठवडाभरात उलटी फिरते. म्हणून क्रिएटिनिन एक दिवसाआड तरी हवंच.

बुलडाणेकर
मग आमच्याकडची सत्तर वर्षांची, ३८ किलोची म्हातारी? तिचंही क्रिएटिनिन ०.५ असतं. त्याच फॉर्म्युल्याने तिची किडनीही पैलवानाची निघते. आम्ही ०.५ ला १ धरून हिशेब करतो.

वैनगंगा
इथे माझं ठाम मत नाही. अंगात मांसच नाही म्हणून क्रिएटिनिन कमी, की किडनी खरंच जोरात चालते म्हणून कमी, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. १ धरलं तर काही म्हाताऱ्या कमी डोसवर राहतात, ०.५ धरलं तर काहींना जास्त जातो. काही जण ०.८ धरतात. मी वय आणि अंगकाठी पाहतो, पहिला डोस वजनाप्रमाणे पूर्ण देतो आणि दुसऱ्या दिवशीच लेव्हल काढतो.

पहिल्या डोसवरून आठवलं. रानवाट, तुमच्या पेशंटला सुरुवातीला जादा डोस दिला होता का? इतक्या आजारी माणसाला किलोमागे २५ मिग्रॅ, म्हणजे १३०० च्या आसपास, एकदाच द्यायला हवे होते. नाहीतर लेव्हल जागेवर यायला दीड दिवस लागतो. आता तो मुद्दा गेला, आज द्यायची गरज नाही.

रानवाट
कार्डावर पहिल्यापासून एक-एक ग्रॅमच आहे. काल रात्री पूर्ण डोस दिला. आज दोन्ही नमुने घेतले, १:३० आणि ९:३०, दुसऱ्या हातातून, नळीवर वेळ मीच लिहिली. आमच्या लॅबमध्ये सीरम वेगळं करून बर्फात ठेवलं. उद्या सकाळच्या गाडीने नागपूरला. रक्ताचं कल्चरही परत लावलंय.

लॅबवाला_वर्धा
सीरम वेगळं केलंत ते उत्तम. न गाळलेली नळी उन्हात दिवसभर फिरली की रक्तपेशी फुटतात आणि नमुना लॅब परत करते. मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे हे रोजचं आहे.

रानवाट
तिसऱ्या दिवशी रिपोर्ट मिळाला. दुपारी १:३० चा ३०.०, रात्री ९:३० चा १३.५. गणित कसं करायचं ते एकदा मांडून दाखवाल का?

वैनगंगा
कॅल्क्युलेटरवर होतं :

```
ke   = ln(30.0/13.5) / 8        = 0.0998 /h
t1/2 = 0.693 / 0.0998           = 6.9 h
Cmax (11:30) = 30.0 * e^(0.0998*2)    = 36.6
Cmin (22:00) = 13.5 * e^(-0.0998*0.5) = 12.8
AUC infusion = (36.6+12.8)/2 * 1.5    = 37
AUC decline  = (36.6-12.8)/0.0998     = 238
AUC24 = (37+238) * 2            = 550
```

दोन नमुन्यांत आठ तासांचं अंतर, त्यावरून औषध किती वेगाने उतरतं ते पहिल्या ओळीत. त्या वेगाने मागे जाऊन ड्रिप संपतानाची लेव्हल आणि पुढे जाऊन दहा वाजताची. ड्रिप चालू असतानाचं क्षेत्रफळ आणि नंतर उतरतानाचं, दोन्हींची बेरीज, ती दिवसाला दोन डोस म्हणून दुप्पट.

५५०. ४०० ते ६०० च्या आत. बुलडाणेकर सर, ट्रफ १२.८ आहे आणि एयूसी पुरेसा. ५०० चा डोस केला असता तर एयूसी २७५ झाला असता.

बुलडाणेकर
या पेशंटपुरतं पटलं. पण माझ्याकडे एका लेव्हलचे पैसे भरताना नातेवाईक दोनदा विचार करतात. दोन नमुने रोजच्या प्रॅक्टिसमध्ये कसे जमणार? शिवाय रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी येणार. तोवर मी ट्रफवरच चालणार.

वैनगंगा
एकच नमुना परवडत असेल तर एकच घ्या, पण वेळ अचूक लिहा आणि १५ गाठायचाच असा हट्ट नको. क्रिएटिनिन स्थिर आणि पेशंट सुधारत असेल तर १२ ला हात लावू नका. एका नमुन्यावरून एयूसी काढणारी बेझियन सॉफ्टवेअरं आहेत, ज्यांच्याकडे आहेत त्यांनी वापरावीत. पण तुमची अडचण खोटी नाही, माझ्याकडेही तिचं पूर्ण उत्तर नाही.

गडचिरोलीकर
एक राहून गेलं. कल्चरमध्ये एमआरएसए आहे म्हणून ही चर्चा. आमच्याकडे कल्चर एमएसएसए आलं तरी "भारी औषध चालू आहे, चालू दे" म्हणून व्हँको ओढत नेतात. मेथिसिलिनला दाद देणाऱ्या स्टॅफवर सेफाझोलिन किंवा क्लॉक्सासिलिन व्हँकोपेक्षा चांगलं मारतात, स्वस्तही पडतात, आणि लेव्हलची कटकटही नाही. सुरुवातीला व्हँको चालू केलं तरी रिपोर्ट आल्या दिवशी बदला.

रानवाट
बदलायचं असतं तर सोपं झालं असतं, याचं नक्की एमआरएसएच आहे.

नवी अडचण. दाखल झाल्यानंतरचा आठवा दिवस. क्रिएटिनिन ०.९ होतं, मग १.०, आज १.४. लघवी कमी झालीय. चार्ट पाहिला तर कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅक रोज दोनदा चालू आहे, शहरातल्या औषधांच्या यादीतूनच पुढे आलेलं. वॉर्डावर टिनाचं छत, बाहेर ४३, आणि हा माणूस दुखण्यामुळे नीट जेवत-पीत नाही. दोन दिवस एसएमएस पाठवून परत आलेलं कल्चर मात्र चांगलं आहे : इथे आल्यावर लावलेलं पहिलं पॉझिटिव्ह, चौथ्या दिवसाचं ४८ तासांत निगेटिव्ह. आज रात्रीचा डोस द्यायचा की नाही?

वैनगंगा
०.९ वरून १.४, म्हणजे ०.५ ची वाढ. उद्या परत तेवढंच किंवा जास्त आलं तर व्हँकोने किडनीला इजा झाली असं म्हणण्याच्या व्याख्येत बसतं. पण दोष एकट्या व्हँकोचा नाही. डायक्लोफेनॅक लगेच बंद करा, पॅरासिटामॉल आणि लागलं तर ट्रॅमाडॉल. सलाईन द्या, लघवी मोजा. फ्युरोसेमाइड देऊन लघवी वाढवायच्या मागे लागू नका, त्याने भर पडते. आणि पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम सोबत चालू असेल तर ते कशासाठी आहे ते पहा, ते व्हँकोबरोबर असलं की क्रिएटिनिन जास्त चढतं.

रात्रीचा डोस नको. त्याऐवजी रात्री १० ला एक नमुना आणि उद्या सकाळी १० ला दुसरा, मध्ये औषध न देता. डोस थांबलेला असतानाच किडनी औषध किती वेगाने काढतेय ते स्वच्छ दिसतं. क्रिएटिनिन चढत असताना फॉर्म्युला खोटं बोलतो : आज १.४ वर तो ५३ मिली दाखवेल, प्रत्यक्षात त्याहून कमी असणार. उद्या सकाळचा नमुना घेतल्यावर एक ग्रॅम द्या आणि रिपोर्ट येईपर्यंत दिवसातून एकदाच ठेवा.

बुलडाणेकर
मी असतो तर औषधच बदललं असतं. टायकोप्लॅनिन देतो अशा वेळी, किडनीला सौम्य आहे. डॅप्टोमायसिन परवडलं तर आणखी चांगलं.

वैनगंगा
टायकोप्लॅनिन सौम्य आहे हे खरं, पण त्याचे सुरुवातीचे डोस बारा तासांनी नीट भरून दिले नाहीत तर ते पहिले काही दिवस कमीच पडतं. त्याची लेव्हलही आपल्याकडे सहज मिळत नाही. डॅप्टोमायसिन चांगला पर्याय आहे, रक्तातल्या आणि हाडातल्या एमआरएसएसाठी जरूर. खर्च आणि आठवड्याला सीपीके हे गणित नातेवाइकांशी बोलून ठरवा. किडनी दोन-तीन दिवसांत सावरली नाही तर मीही तिकडे वळेन.

रानवाट
डायक्लोफेनॅक बंद, सलाईन चालू. पिपेरासिलिन नाही. दोन्ही नमुने कोणाच्या तरी मोटरसायकलने थेट नागपूरला पाठवले, रिपोर्ट दुसऱ्याच दिवशी मिळाला. रात्री १० चा २४.०, सकाळी १० चा १३.२. मी गणित केलं : बारा तासांत इतका उतार म्हणजे वेग ताशी ०.०५, अर्धा व्हायला १४ तास. आधी ७ होते.

३६ लिटर धरून क्लिअरन्स ताशी १.८ लिटर. ५०० एयूसीसाठी दिवसाला ९०० मिग्रॅ. म्हणजे एक ग्रॅम दिवसातून एकदा ठीक?

वैनगंगा
ठीक. एयूसी ५५५ च्या आसपास येईल. पण हा डोस आजच्या किडनीसाठी आहे. डायक्लोफेनॅक उतरलं आणि पाणी भरलं की क्लिअरन्स परत वाढेल आणि हाच डोस चार दिवसांत कमी पडेल. क्रिएटिनिन रोज. उतरणीला लागलं की परत दोन नमुने.

रानवाट
क्रिएटिनिन १.४, १.५, १.३, आज १.१. लघवी चांगली. दोन नमुने उद्या घेतोय. सेवाग्रामला पाठवून इको आणि एमआरआय करून आणलं. इकोत झडपांवर काही नाही. एमआरआयमध्ये कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यामधल्या चकतीत इन्फेक्शन, पू साठलेला नाही. आता एकूण किती दिवस?

बुलडाणेकर
सहा आठवडे. मणक्याला मी तेवढंच देतो.

वैनगंगा
मणक्याच्या इन्फेक्शनसाठी सहा आठवडे पुरेसे, असं एक मत. एमआरएसए हाडात असेल तर किमान आठ, अशी जुनी शिफारस. दोन्हींच्या मागे आधार आहे. मी कंबरदुखी आणि सीआरपी पाहून सहाव्या आठवड्याला ठरवेन. दिवस मात्र पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजा, औषध सुरू केल्यापासून नाही.

नाईटड्युटी
सहा असो की आठ, हाताच्या सुईवर इतके दिवस निघणार नाहीत. व्हँकोने शिरा लवकर खराब होतात. पीआयसीसी लाइन लावता आली तर आत्ताच लावून घ्या. आणि लेव्हलचं रक्त त्या लाइनमधून घेऊ नका, दुसऱ्या हातातूनच.

रानवाट
पीआयसीसीसाठी सेवाग्रामलाच विचारतो. उद्याचे नमुने डोसनंतर दुपारी १:३० आणि परवा सकाळी ९:३० असे धरलेत. एकदाच डोस असल्यामुळे अंतर वीस तासांचं होतंय, ते चालेल ना?

वैनगंगा
चालेल, उलट लांब अंतराने उताराचा वेग जास्त नीट कळतो. परवाचा नमुना मात्र दहाच्या डोसच्या आधीच निघायला हवा. सकाळच्या सिस्टरला आज रात्रीच लिहून द्या.